तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्चीला कुणी हसायचं नाही

"मॉक्युमेंटरीची स्क्रिप्ट लिहिताना पॅरडी शेवटपर्यंत टिकवायची कशी? आमची तर तिसऱ्या मिनिटालाच स्किट होते."

आमचीही झाली होती. ठाण्यात नौपाड्यात माझ्या मावशीची सोसायटी आहे, तिथे पार्किंगची एक जागा अडवायला हात तुटलेली लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते, आणि ती कुणाची आहे हे खरंच कुणाला सांगता येत नाही. बीएमएमच्या शेवटच्या वर्षाला मीडिया स्टडीजसाठी आठ मिनिटांची फिल्म करायची होती, तेव्हा आम्ही चौघांनी ठरवलं की ही खुर्ची म्हणजे संरक्षित स्मारक आहे असं समजून हेरिटेज डॉक्युमेंटरी करायची. आयडिया सगळ्यांना आवडली, आम्ही दोन दिवसांत पहिला ड्राफ्ट लिहिला आणि तो बेकार होता.

बेकार का होता ते कळायला वेळ लागला, कारण सुटे विनोद चांगले होते. गडबड अशी की पहिल्या पानावर निवेदक गंभीर, दुसऱ्या पानावर तोच टोमणे मारतोय, तिसऱ्या पानावर वॉचमन काका कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतायत आणि चौथ्यावर मागे 'ढँण्' म्युझिक. म्हणजे पहिल्या पानावर डॉक्युमेंटरीची नक्कल चालली होती, चौथ्यापर्यंत टीव्हीवरचा कॉमेडी शो झाला होता.

आमच्या मॅडमनी तेव्हा बीबीसीचं ते स्पॅगेटीच्या झाडांचं प्रकरण दाखवलं. १ एप्रिल १९५७, 'पॅनोरामा' हा त्यांचा एकदम सिरियस कार्यक्रम, आणि त्यात स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडावरून स्पॅगेटी तोडून उन्हात वाळत घालतंय. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचं, म्हणजे ज्यांच्या आवाजात लोक खऱ्या बातम्या ऐकायचे तेच. त्या तीनेक मिनिटांत कुणीच हसत नाही. खोटी गोष्ट एकच, की स्पॅगेटी झाडाला लागते, बाकी बोलण्याची ढब, शेतीच्या बातमीचा तो संथपणा, सगळं अस्सल. पुष्कळ प्रेक्षकांना ते खरं वाटलं होतं.

तिथून आम्ही नियम उचलला, खोटं एकच. खुर्ची हे स्मारक आहे, एवढंच आमचं खोटं. त्याच्यावर दुसरं खोटं रचायचं नाही, म्हणजे खुर्ची रात्री चालते, खुर्चीला शाप आहे वगैरे सगळं कट (शापवाला सीन माझा होता, फार जीव होता माझा त्याच्यावर). विनोद वाढवायचा तर त्या एका खोट्याचे परिणाम खऱ्या जगाच्या नियमांनी वाढवायचे. कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्याच्या पुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. आम्ही मीटरचे सेंटीमीटर केले. सेक्रेटरी काका मेजरिंग टेप घेऊन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, खुर्चीपासून १०० सेंटीमीटरवर खडूने रेघ मारतात आणि पलीकडच्या स्कूटरवाल्याला समजावतात की तुमचं पुढचं चाक प्रतिबंधित क्षेत्रात येतंय, मागचं चालेल. वर्गात सगळ्यात जास्त हसले ते इथेच, आणि त्यात लिहिलेला जोक एकही नाही.

दुसरी भानगड कॅमेऱ्याची, आणि माझ्या मते पॅरडी खरी फुटते ती इथे, डायलॉगमध्ये फुटते त्यापेक्षा जास्त. डॉक्युमेंटरीची स्क्रिप्ट दोन कॉलममध्ये लिहितात, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. आम्ही तिसरा कॉलम जोडला, 'हे आपल्याला कसं मिळालं?' आणि प्रत्येक शॉटपुढे उत्तर लिहायचंच. कोण शूट करतंय, त्याला तिथे कुणी येऊ दिलं, त्याला आधी माहीत होतं का. काकूंचा आणि सेक्रेटरींचा जिन्यातला भांडणाचा सीन होता, त्यात दार उघडण्याआधी कॅमेरा घराच्या आत होता, उघडल्यावर बाहेर, आणि मग दोघांचे आलटून पालटून सुंदर क्लोजअप. सिनेमात हे चालतं. पण एकच कॅमेरा घेऊन अचानक भांडणात सापडलेल्या माणसाला हे मिळणारच नाही, त्याला मिळेल काकूंची पाठ, अर्ध दार आणि आवाज. तिसऱ्या कॉलममध्ये उत्तर सुचेना, म्हणून सीन तसाच केला, पाठ, अर्ध दार, आवाज, आणि कॅमेरा उशिरा वळतो तेव्हा भांडण संपलेलं असतं.

आता क्लायमॅक्स सांगते, कारण तुम्ही सगळे तिथेच अडकता. कुणीतरी स्कूटर लावायला खुर्ची उचलून बाजूला ठेवतं, एवढीच घटना. पहिल्या ड्राफ्टमध्ये वॉचमन धावत येतो, "अरे नालायका, स्मारक आहे ते!" असं ओरडतो, मग ढँण्. वाचताना आम्ही लोळलो होतो, पण वर्गात वाचून दाखवलं तर कुणी हूं का चूं केलं नाही. वॉचमनला तो विनोद आहे हे माहीत असल्यासारखं वाटत होतं ना. मग हेरिटेज डॉक्युमेंटरीत अशी वाईट घटना कशी दाखवतात ते आठवलं आणि परत लिहिलं. सीसीटीव्हीचं फुटेज, आवाज नाही. निवेदन, "सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी खुर्ची तिच्या मूळ जागेवरून हलवण्यात आली. ती अकरा मिनिटं बाहेर होती." कट टू सेक्रेटरी काका. ते बोलायला जातात, थांबतात, चष्मा पुसतात. "त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही." बस. 'मूळ जागा' आणि 'अकरा मिनिटं' हे दोन शब्दप्रयोग त्या सीनचं सगळं काम करतात.

मुलाखतींचे डायलॉग मात्र आम्ही पाठ करून घेतले नाहीत. पाठ केलेलं बोललं की लगेच नाटक वाटतं. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर तीन गोष्टी दिल्या, तुम्हाला खुर्चीबद्दल काय माहीत आहे, काय चुकीचं माहीत आहे आणि काय लपवताय. पण मग लोक आपापल्या मनाने वर्षं फेकतात. काकू म्हणाल्या खुर्ची २००९ पासून आहे, वॉचमन म्हणाले २०११. रीशूट करायला वेळ नव्हता, म्हणून निवेदनात एक वाक्य घातलं, "खुर्चीच्या कालखंडाबद्दल जाणकारांमध्ये मतभेद आहेत." त्या चुकीचं रूपांतर विनोदात झालं, पण ते खपलं कारण खऱ्या हेरिटेज डॉक्युमेंटरीत हे वाक्य असतंच असतं. मुलाखतीऐवजी निवेदकाने स्वतःच दोन वर्षं सांगितली असती तर नसतं खपलं, कारण त्याने एकदा गोंधळ घातला की प्रेक्षकाने कुणाचं खरं धरायचं?

तपासायची पद्धत आमची साधी होती. विषय माहीत नसलेल्या माणसाला स्क्रिप्ट द्यायची, 'खुर्ची' शब्दाच्या जागी सगळीकडे 'किल्ला' लिहून. वाचून जिथे तो हसेल तिथे खूण करायची, कारण किल्ला असूनही हसू आलं म्हणजे तिथे तुम्ही स्वतः मधे येऊन जोक मारलाय. आमच्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये नऊ खुणा निघाल्या, सात उडवल्या, दोन ठेवल्या कारण त्या काकूंच्या होत्या आणि काकू तशाच बोलतात.

शेवटी ग्रुपमध्ये भांडण झालं ते ब्लूपर्सवरून. काका हसून हसून टेप सोडतात तो टेक खरंच भारी होता आणि तिघांना तो क्रेडिट्सबरोबर हवा होता. मी नाही म्हटलं, अजून दोघं माझ्यावर थोडे नाराज आहेत. त्याऐवजी काळ्या स्क्रीनवर पाटी गेली: "खुर्ची पाहण्याची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. सोमवारी बंद."