लोकरीचा धागा आणि ह्युमरस

अ‍ॅनाटॉमीची व्हायवा झाली. डोळे चुरचुरतायत, पण कालची रात्र डोक्यात ताजी आहे तोवर उतरवून ठेवते. नाहीतर पुढच्या टर्मपर्यंत पार पुसून जाईल.

काल बसले तेव्हा अप्पर लिंबच्या, म्हणजे हाताच्या, सगळ्या नर्व्हजचे तक्ते पाठ करायचं ठरवलं होतं. नर्व्ह, तिचे स्नायू, इजा झाली तर काय दिसतं, असे तीन रकाने. मध्यरात्र उलटेपर्यंत मीडियन आणि अल्नरचे रकाने एकमेकांत मिसळले आणि रेडियलसमोर नुसतं ‘रिस्ट ड्रॉप’, म्हणजे मनगट पडणं, एवढंच उरलं. त्यात रूममेटने विचारलं, ‘पण रेडियल गेली तर कोपर सरळ करता येतं का गं?’ एका पुस्तकात येतं म्हटलं होतं, दुसऱ्यात येत नाही. दोन्ही पुस्तकं नावाजलेली. आता कुणाचं खरं मानायचं?

शेजारच्या खोलीतली सिनिअर ताई आमचा वाद ऐकून आत आली. टेबलावरचं दंडाचं हाड, ह्युमरस, उचलून माझ्या हातात दिलं. ‘पुस्तकं मिटा. हे कोणत्या बाजूचं?’

डोकं वर आणि आत, मी म्हटलं. ‘तेवढ्यावर सांगू नकोस. स्वतःच्या दंडाशी धर.’ तिचं बरोबर होतं. गोल डोकं आतल्या बाजूला हवं एवढीच खूण धरली, तर तेच हाड पुढचं मागे फिरवून दुसऱ्या हाताचंही म्हणून खपवता येतं. म्हणून खालच्या टोकाची दुसरी खूण लागतेच. कोपर सरळ केलं की अल्नाचं टोक ज्यात जाऊन बसतं, तो खोल ओलेक्रॅनन फॉसा मागच्या बाजूला हवा. डोकं आत, खड्डा मागे. हाड उजवं निघालं.

मग ताईने मोबाईलचा टॉर्च हाडावर तिरका धरला. समोरून उजेड टाकला की स्पायरल ग्रूव्ह दिसतच नाही, हाड नुसतं गुळगुळीत वाटतं. तिरक्या उजेडात मात्र मागच्या अंगाला एक उथळ पन्हळ उमटली. वर आतल्या बाजूला सुरू होऊन खाली बाहेरच्या बाजूला उतरणारी. दंडाच्या मध्यावर बाहेरून डेल्टॉइडचा खडबडीत उंचवटा लागतो, त्याच्या मागून खाली नख फिरवलं तर ती बोटालाही कळते. चित्रात ही खाच अशी ठसठशीत काढतात की खऱ्या हाडावर शोधताना फसवल्यासारखं वाटतं.

रूममेटच्या अर्धवट राहिलेल्या विणकामातली लाल लोकर ताईने तोडून घेतली. ‘ही रेडियल नर्व्ह. काखेतून निघू दे.’ मी धागा काखेच्या जागी धरला, हाडामागून त्या पन्हळीतून तिरका फिरवला, बाहेरच्या कडेने पुढे आणला आणि कोपरासमोरून खाली सोडला. ‘आता जिथे जिथे फांदी फुटते तिथे गाठ मार.’

गाठी मारताना सगळा गुंता सुटत गेला. पहिल्या गाठी काखेतच पडल्या, ट्रायसेप्सच्या लाँग हेडची आणि मीडियल हेडची. म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला बरीचशी रसद नर्व्ह हाडाला टेकण्याआधीच मिळून जाते. पन्हळीत शिरल्यावर लॅटरल हेडची फांदी आणि मीडियलची आणखी एक. पन्हळीतून बाहेर पडून पुढे आल्यावर, पण कोपराच्या वरच, ब्रॅकिओरेडियालिस आणि मनगट उचलणारा एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस लाँगस. कोपराशी धाग्याचे दोन पदर झाले. वरवरचा पदर हाताच्या पाठीवरच्या त्वचेकडे गेला, खोलवरचा सुपिनेटर स्नायूतून आरपार जाऊन बोटं उचलणाऱ्या स्नायूंकडे.

‘आता कात्री कुठे लावायची ते तू ठरव,’ ताई म्हणाली आणि झोपायला निघून गेली.

मग आम्ही दोघींनी खरोखरच धागा कापून पाहिला, दर वेळी नवीन घेऊन. काखेत कापला, जसं कुबडीचा दाब सतत काखेत बसून होतं, तर सगळ्याच गाठी खाली राहतात. ट्रायसेप्स गेला, मनगट पडलं, बोटं पडली. दंडाच्या मध्यावर कापला, जसं हाड तिथे मोडल्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवरून हात लोंबकळत ठेवून गाढ झोपल्यावर होतं, तर मनगट आणि बोटं पडतात, पण कोपर सरळ होतं, फार तर थोडं कमजोर. दोन्ही पुस्तकं खरी होती. एक काखेबद्दल बोलत होतं, दुसरं पन्हळीबद्दल.

सुपिनेटरपाशी कापला तेव्हा आम्ही दोघीही दचकलो. कार्पी रेडियालिस लाँगसची गाठ कात्रीच्या वर सुरक्षित राहते, त्यामुळे मनगट पडतच नाही. ते उचलता येतं, फक्त उचलताना अंगठ्याच्या बाजूला झुकतं. बोटं मात्र सरळ होत नाहीत. आणि त्वचेचा पदर आधीच वेगळा झालेला असल्याने बधिरपणा नाही. तक्त्यात या सगळ्याला ‘रेडियल नर्व्ह इंज्युरी’ असं एकच शीर्षक होतं.

झोपेपर्यंत मीडियन आणि अल्नरचे धागेही फिरवून झाले, पण घाईत. लोअर लिंबला हातही लागला नाही.

सकाळी टेबलावर माझ्यासमोर ह्युमरसच आलं. (नशीब, दुसरं काय! पावलाची टार्सल्स आली असती तर आज हे लिहायला बसलेच नसते.) बाजू सांगितली, दंडाशी धरून. एक्स्टर्नल मॅडमनी हाडाच्या मध्यावर पेन्सिल टेकवली. ‘इथे मोडलंय. पेशंट समोर बसलाय. काय काय तपासशील?’

मी वरून खाली गेले. कोपर सरळ करायला सांगेन, ते जमेल. मनगट उचलायला सांगेन, ते जमणार नाही. मूठ आवळायला सांगेन, ती ढिली लागेल. मॅडमनी भुवई उंचावली. मूठ आवळणारे स्नायू तर मीडियन आणि अल्नरचे, मग ढिली का? स्वतःचं मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ घट्ट करून पाहिली की कळतं. मनगट वाकलेलं असताना बोटं वळवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना ओढायला जागाच उरत नाही. म्हणून त्या पेशंटचं मनगट आपल्या हाताने उचलून धरायचं आणि मग मूठ तपासायची. ती घट्ट लागली तर मीडियन-अल्नर शाबूत आहेत.

‘बधिरपणा?’ अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागात, हाताच्या पाठीवर, जेमतेम एवढासा. बाकीचा भाग शेजारच्या नर्व्हज सांभाळून घेतात.

‘बोटांची टोकाकडची पेरं सरळ होतील का?’

इथे मी थांबले. काल रात्री ही कात्री लावली नव्हती. धागा मनात पुन्हा फिरवला. बोटं सरळ करणारे लांब स्नायू रेडियलचे, ते गेले. पण टोकाकडची पेरं सरळ करायला लम्ब्रिकल्स आणि इंटरऑसिआय हे तळहातातले छोटे स्नायूही असतात, आणि त्यांचा धागा वेगळा, मीडियन-अल्नरचा. होतील, मी म्हटलं. बोटांची मुळं तळव्याच्या बाजूने आधार देऊन धरली तर पेरं सरळ होतील, मुळांपाशी मात्र बोट उचलता येणार नाही.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मांडीचं हाड, फीमर, पुढे सरकवलं. तिथे माझी बाजूच चुकली, पण त्यावर लिहायला आज अंगात त्राण नाही. उरलेली लोकर रूममेट परत मागतेय. तिला सांगितलंय, पायाची सायाटिक नर्व्ह होईपर्यंत मिळणार नाही.