गुडघ्यातलं पाणी, बदललेला सांधा आणि दोन ऑपरेशनं

आईचा डावा गुडघा बदलून दोन वर्षं उलटून गेली होती. मधला काळ छान गेला. मग गुडघा पुन्हा ठणकायला लागला, तोही रात्री, अंथरुणात पडल्यावर. ताप नाही, लाली नाही, शिवणीची जागा स्वच्छ. झिजलेला सांधा चालताना दुखतो आणि बसलं की थांबतो. हा आराम केला तरी थांबत नव्हता. गल्लीतल्या डॉक्टरांनी सूज बघून पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. दुखणं थोडं कमी झालं आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा मूळपदावर आलं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे रिपोर्टचे आकडे मला नवे नाहीत. तरी या प्रकरणात काही आकडे नव्याने वाचायला शिकावे लागले.

कोल्हापुरातल्या सर्जननी एक्स-रे लावला. नडगीच्या हाडात बसवलेल्या भागाखाली बारीक काळी रेघ दिसत होती. ते म्हणाले, "ताई, सांधा सैल झालाय हे दिसतंय. पण नुसता सैल झालाय की जंतूंमुळे सैल झालाय, हे एक्स-रे सांगत नाही. आणि दोन्हींचं ऑपरेशन वेगळं." मग रक्तातले शरीरातला दाह दाखवणारे दोन आकडे बघितले: सीआरपी १४ मिलिग्रॅम प्रतिलिटर आला, ईएसआर ४८. २०१८ मध्ये जावाद परवीझी यांच्या गटाने मांडलेली गुणपद्धत त्यांनी कागदावर लिहून दाखवली: सीआरपी १० च्या वर असला की २ गुण, ईएसआर ३० च्या वर असला की १. एकूण ६ किंवा जास्त झाले तर संसर्ग, शून्य-एक असले तर नाही, दोन ते पाच म्हणजे अधांतरी. आईचे झाले तीन. आता सांध्यातलं पाणी काढायलाच हवं होतं.

पाणी काढलं ते ऑपरेशन थिएटरमध्ये. भूल फक्त कातडीला दिली. भुलीचं औषध सांध्यात गेलं तर ते जंतूंची वाढ रोखू शकतं, म्हणून सुई आत गेल्यावर काहीच सोडलं नाही. जेमतेम सात-आठ मिली पिवळसर, किंचित गढूळ पाणी निघालं. थोडं जांभळ्या झाकणाच्या नळीत, पेशी मोजायला. बाकीचं थेट ब्लड कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या बाटल्यांत.

पेशी मी स्वतः बघितल्या. एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी २,६००, त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पेशी, ७८ टक्के. आमच्या लॅबमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर काहीच नाही, सेप्टिक सांध्यात पन्नास हजार असतात." नैसर्गिक सांध्यासाठी त्याचा अंदाज बरोबर आहे. पण कृत्रिम सांध्यात जंतू धातूवर आणि सांधा हाडाला चिकटवणाऱ्या सिमेंटवर चिकट थर करून बसतात, पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो तसे. त्या थरात ते शांत पडून राहतात, शरीर फार खवळून उठत नाही. म्हणून इथली सीमा ३,००० पेशी आणि ८० टक्के न्यूट्रोफिल एवढीच आहे. आई दोन्हींच्या जरा खाली होती.

लघवी तपासायची पट्टी असते ना, तीच सांध्याच्या पाण्यातही चालते. त्यातला ल्युकोसाइट एस्टरेजचा, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा चौकोन गडद जांभळा, म्हणजे दोन प्लस झाला, तर पेशी ३,००० च्या वर असल्यासारखेच तीन गुण मिळतात. पाण्यात रक्त मिसळलेलं असेल तर रंग वाचता येत नाही. आधी सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी घ्यावं लागतं. आईच्या पाण्यावर एकच प्लस आला, म्हणजे गुण शून्य. अल्फा-डिफेन्सिन नावाची चाचणी यापेक्षा नेमकी आहे, पण आमच्याकडे ती सहज होत नाही आणि महागही पडते. सर्जननी आग्रह धरला नाही.

पाचव्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला: वाढ नाही. पुष्कळ ठिकाणी या टप्प्यावर बाटली टाकून देतात. सर्जननी मागणीपत्रावरच "१४ दिवस ठेवा" असं लिहिलं होतं. नवव्या दिवशी एका बाटलीत वाढ दिसली: स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. आता पंचाईत अशी, की हा जंतू प्रत्येकाच्या कातडीवर असतो. सुईबरोबर आत गेला की आधीपासूनच आत होता? एका बाटलीवरून ते ठरत नाही.

सर्जनचं मत असं, की त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी चित्र पुसट केलं असावं. सगळी अँटिबायोटिक बंद ठेवून निदान दोन आठवडे गेल्यावर पुन्हा पाणी काढलं. आई वैतागली. दुखतंय आणि औषध द्यायचं नाही, हे कुणालाही उलटंच वाटेल. पण या वेळी पेशी ४,८०० आणि न्यूट्रोफिल ८६ टक्के. तीन अधिक दोन, आणि रक्ताचे आधीचे तीन: आठ गुण. कल्चर तिसऱ्या दिवशीच वाढलं, तोच जंतू, आणि कोणत्या औषधाला दाद देतो, कोणत्याला नाही, तेही अगदी तसंच. एकाच जंतूची दोन स्वतंत्र कल्चर मिळाली की गुण मोजायचीही गरज उरत नाही. तेवढ्यावर संसर्ग सिद्ध धरतात.

मग प्रश्न आला एका ऑपरेशनचा की दोन. हॅम्बुर्गच्या एंडो-क्लिनिकमध्ये १९७० च्या दशकापासून एकाच बैठकीत जुना सांधा काढून, सगळं खरवडून, नवा बसवतात. माझा कल तिकडेच होता. आईला दोनदा भूल कशाला? खुब्याच्या बाबतीत ब्रिटन आणि स्वीडनमध्ये रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात दीड वर्षानंतर दोन्ही पद्धतींत दुखणं आणि हालचाल सारखीच होती, आणि पहिल्या तीन महिन्यांत एका टप्प्याच्या रुग्णांची स्थिती जास्त चांगली होती. सर्जननी तो नाकारला नाही. पण तो अभ्यास खुब्याचा आहे, गुडघ्याचा नाही, हे लक्षात आणून दिलं. शिवाय एका टप्प्यासाठी जंतू आधी कळायला हवा आणि तो औषधांना दाद देणाराही हवा. आईच्या जंतूने मेथिसिलिन वर्गाला आणि रिफॅम्पिसिनलाही जुमानलं नव्हतं. स्टॅफिलोकोकसच्या चिकट थरावर चालणारं मुख्य औषध रिफॅम्पिसिनच. ते हातात नसताना त्याच दिवशी नवा धातू आत ठेवायला ते तयार नव्हते. मला पटलं.

पहिल्या ऑपरेशनमध्ये सांधा काढला, वेगवेगळ्या जागांचे पाच तुकडे कल्चरला पाठवले आणि व्हॅन्कोमायसिन-जेंटामायसिन मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा धरून ठेवणारा तात्पुरता सांधा, बसवला. सिमेंट घट्ट होताना तापतं. त्या उष्णतेत टिकणारीच औषधं त्यात चालतात. स्पेसर वाकणारा होता, त्यामुळे आई वॉकर घेऊन, पायावर थोडाच भार देत संडासापर्यंत जाऊ शकत होती. सहा आठवडे औषधं चालली: आधी शिरेतून व्हॅन्कोमायसिन, मग गोळ्या. क्रिएटिनिन नेमाने बघावं लागलं, कारण स्पेसरमधलं औषध आणि शिरेतलं औषध दोन्हींचा ताण मूत्रपिंडावरच येतो.

दोन टप्प्यांतला सगळ्यात जड भाग हा मधला काळ. मांडीचे स्नायू वाळतात, शेजारणी विचारतात "अजून?", आणि काही रुग्ण दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचतच नाहीत, प्रकृती साथ देत नाही म्हणून. आईची शुगर एकदा वर गेली तेव्हा मीही धास्तावले होते.

सीआरपी ४ वर उतरला तेव्हा मला वाटलं, झालं. सर्जन म्हणाले, "ताई, आकडा खाली आला म्हणजे जंतू गेला असं नाही, आणि थोडा वर राहिला म्हणजे आहेच असंही नाही." स्पेसर काढायची वेळ ठरवताना त्यांनी जखम, सूज, दुखणं आणि आकड्यांची घसरण एकत्र बघितली. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये लांब दांड्याचा सांधा बसवला, कारण खरवडल्यावर हाड कमी उरलं होतं. पुन्हा पाच तुकडे, पुन्हा चौदा दिवस. पाचही बाटल्या कोऱ्या निघाल्या. तरीही जंतूनुसार निवडलेल्या गोळ्या तीन महिने चालू ठेवल्या आणि सीआरपीच्या तारखा आधीच लिहून दिल्या. आईचा गुडघा आता नव्वद अंशांपर्यंत वाकतो. मांडी घालून बसणं जमत नाही, ते पहिल्या सांध्यातही जमत नव्हतं.