दोन भाषांतले चार मिनिटांचे आभार

आमच्या शाळेच्या निरोप समारंभात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि शाल-श्रीफळ हे सारे दरवर्षी ठरल्याप्रमाणे पार पडते. कार्यकारिणीत असूनही मी खरी वाट पाहतो ती सत्कारमूर्तींच्या उत्तराच्या भाषणाची. सभागृहात मराठी आणि हिंदी भाषक पालक जवळपास सारखेच असल्यामुळे हे भाषण दोन्ही भाषांत करण्याचा प्रघात आहे. बहुतेक वक्ते मराठीत सविस्तर बोलतात आणि अखेरीस हिंदीत दोन वाक्यांत आटोपते घेतात. आपल्या वाट्याला केवळ गोषवारा आला हे हिंदी भाषक कुटुंबांच्या तत्काळ लक्षात येते. काही जण प्रत्येक वाक्य लगेच दुसऱ्या भाषेत सांगतात, तेव्हा भाषण दुप्पट लांबते आणि दुसऱ्यांदा आलेल्या विनोदावर कोणी हसत नाही.

गणिताच्या बाईंनी यातले काहीच केले नाही. सर्वांचे एकत्रित आभार तेवढे त्यांनी सुरुवातीलाच दोन्ही भाषांत पूर्णपणे मानले आणि पुढे एकही गोष्ट दोनदा सांगितली नाही. त्यांच्या आईच्या आजारपणात ज्या सहकारी बाईंनी त्यांचे तास सांभाळले, त्यांच्याविषयी त्या मराठीत बोलल्या. संध्याकाळच्या जादा तासानंतर शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत फाटकापाशी उभे राहणाऱ्या चौकीदारांचे आभार मात्र त्यांनी हिंदीत, थेट त्यांच्याकडे पाहून मानले. ज्याचे आभार मानायचे त्याच्याच भाषेत ते मानावेत, हा त्यांचा साधा हिशेब होता. मराठी श्रोत्यांना हिंदी समजते, उलट तसे नेहमीच होत नाही, हे ओळखून मराठीतल्या आठवणीआधी त्यांनी हिंदीत एका वाक्यात प्रसंग सांगून ठेवला. भाषणातला एकमेव विनोद, स्वतःच्या खडूने माखलेल्या पदराविषयीचा, त्यांनी हिंदी भागासाठी राखला होता, त्यामुळे त्या दिवशी पहिले हसू मागच्या रांगांतून आले. हिंदी भाग त्यांनी आधी हिंदीच्या सरांना वाचून दाखवला होता; सरांनी लिंगाच्या दोन-तीन चुका सुधारल्या आणि बाकीचे मुद्दाम तसेच ठेवले, कारण फार सफाई केली असती तर ते बाईंचे बोलणे राहिले नसते. सारे मिळून चार मिनिटे झाली आणि दोन्ही भाग लांबीने सारखे होते.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी येतो म्हणून कळवले आणि जे छायाचित्र काढून भाषणाआधीच निघून गेले, त्यांच्याविषयी मी अधिक लिहीत नाही. परंतु ध्वनिक्षेपक सांभाळणारे प्रयोगशाळा सहायक, फलकलेखन करणाऱ्या चित्रकलेच्या बाई, सतरंज्या घालणारी नववीची मुले, खुर्च्या उचलणारे दोन्ही सेवक आणि बाईंचा चष्मा घरी राहिला तेव्हा स्वतःचा काढून देणारे ग्रंथपाल यांची नोंद समारंभाच्या अहवालात व्हायलाच हवी. मुख्याध्यापकांच्या दारात ऐनवेळी रांगोळी काढणाऱ्या दोन पालक भगिनींचीही, कारण त्या व्यासपीठावर आल्याच नव्हत्या.