डायोडच्या वर्कशीटमधली 1.4 व्होल्टची आकृती

बारावीच्या डायोडच्या वर्कशीटमध्ये पहिल्या प्रश्नात सिलिकॉन डायोडचा आलेख वाचायचा होता आणि दुसऱ्यात हाफ-वेव्ह रेक्टिफायरचं आउटपुट काढायचं होतं. आलेख दोन्ही प्रश्नांसाठी एकच होता.

आलेखात चुका नेहमीच्याच होत्या. 15 मिलिअँपिअरला डायनॅमिक रेझिस्टन्स विचारला, तर बऱ्याच जणांनी 0.72 व्होल्ट भागिले 15 मिलिअँपिअर करून 48 ओहम लिहिले. खरं तर त्या बिंदूजवळचा उतार बघायचा असतो. 10 मिलिअँपिअरला 0.70 आणि 20 ला 0.74 व्होल्ट, म्हणजे 0.04 भागिले 0.01, उत्तर 4 ओहम. रिव्हर्सची बाजू मायक्रोअँपिअरमध्ये आहे हेही निसटतं. 10 व्होल्टला 2 मायक्रोअँपिअर म्हणजे 5 मेगाओहम, पण तेच मिलिअँपिअर समजून 5 किलोओहम लिहिलं जातं.

थबकले ते दुसऱ्या प्रश्नाच्या एका उत्तरापाशी. इनपुट 50 हर्ट्झ, पीक 2 व्होल्ट, लोड 1 किलोओहम. उत्तरसूचीत 10 मिलिसेकंद रुंद, 2 व्होल्ट उंच अर्धलहर होती. या मुलीने उंची 1.4 व्होल्ट आणि रुंदी 8 मिलिसेकंद दाखवली होती. मार्क कापायला पेन टेकवलं, तेवढ्यात समासातलं गणित दिसलं. पीकला करंट साधारण 1.4 मिलिअँपिअर, आलेखावर तिथे व्होल्टेज 0.6, म्हणून 2 मधून 0.6 वजा. इनपुट 0.6 ला पोचायला शून्यापासून सुमारे 1 मिलिसेकंद लागतो, उतरतानाही तेवढाच. पाठ्यपुस्तकातला 0.7 तिने डोळे झाकून वापरला नव्हता, आलेख वाचला होता!

लॅबमध्ये 1N4007, 1 किलोओहम आणि सिग्नल जनरेटर जोडून लोडवर सीआरओ लावला. आधी सपाट रेष शून्याच्या खाली दिसली, कारण इनपुट एसी कपलिंगवर होतं. तिथे डीसी भाग अडतो, लहरीची सरासरी शून्यावर येते आणि सगळी लहर खाली सरकते. स्विच डीसीवर नेताच सपाट भाग शून्यावर आला आणि पीक 1.4 च्या आसपास मिळालं. फरक एवढाच, की लहरीचा पायथा तिच्या आकृतीसारखा टोकदार नव्हता, थोडा गोलसर होता. डायोड 0.6 ला एकदम चालू होत नाही, आलेखाचा गुडघा वळणाचा असतो, तेच वळण इथे उतरतं.

12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर पीक 17 व्होल्ट असतं. तिथे हा उशीर 0.11 मिलिसेकंदाच्या आसपास, आकृतीत पेन्सिलीच्या रेषेत बुडून जाणारा. 2 व्होल्टला तो लपत नाही, आणि प्रश्नात ‘आदर्श डायोड’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिला पूर्ण मार्क दिले आणि प्रश्नात तो शब्द घातला. आता त्याच्या खाली उपप्रश्न आहे: दिलेल्या आलेखातला डायोड वापरला तर आकृती कशी बदलेल?