टायटल प्रयोग अपडेट: आकडेवाली टायटलं, पॉवर वर्ड्स आणि क्लिकबेटची हद्द

मंडळी, यावेळी एकच लेख घेऊन बसलेय आणि त्याच्यावरच टायटलं घासून बघितली, कारण दरवेळी वेगळा लेख घेतला की टायटल चाललं का विषय चालला हे कळतच नाही. लेख साधा आहे, कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी का पडतात. आतला मजकूर पक्का करून टाकला, आता त्याला हात लावायचा नाही, फक्त वरची ओळ बदलायची.

आत काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चार कारणं आहेत. मुळाशी पाणी साचलं की खालची पानं पिवळी आणि मऊ पडतात, माती ओलीच राहते. नायट्रोजन कमी पडला की पण खालची जुनी पानंच जातात, पण ती सगळी सारखी फिकी होत जातात, कारण झाड जुन्या पानातला नायट्रोजन काढून नव्या पानांना देतं. लोह कमी पडलं की उलटं, नवी वरची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, कारण लोह झाडाला असं इकडून तिकडे नेता येत नाही. आणि चौथं म्हणजे निव्वळ म्हातारपण, तळाचं एखाददुसरं पान गळतं, बाकी झाड मजेत.

सुरुवातीला यादी सहाची होती. सहा आकडा दिसायला बरा वाटतो ना! पण नीट बघितलं तर जास्त पाणी, खराब निचरा आणि कुंडीला भोक नसणं हे तीन वेगळे मुद्दे करून टाकलेले, आणि पानावर दिसणारी खूण तिन्हींची एकच. म्हणून आता नियम केलाय की ज्या दोन मुद्द्यांची ओळखायची खूण एकच आहे ते दोन नाहीत, एक आहे. हा नियम या लेखापुरता हं, कारण याचं टायटल ओळखायचं कसं हे सांगतंय. टायटल उपाय सांगणारं असेल तर उपाय वेगळा आहे का ते बघायचं, कारण मग भोक पाडणं आणि पाणी कमी घालणं हे खरंच दोन मुद्दे होतात. थोडक्यात मोजायचं काय ते टायटल ठरवतं.

आता टायटलं. पहिलं होतं "पानं पिवळी पडणे: कारणे व उपाय", यात खोटं काही नाही पण सरकारी पत्रक वाटतं. मग "पानं पिवळी पडण्याची ४ कारणं". हे बरं, कारण आकड्याने वाचणाऱ्याला कळतं की हे किती वेळ खाणारे आणि कुठे संपणारे, आकड्याचं खरं काम तेवढंच. पण कुठली चार आणि मला त्याचं काय हे अजून गुलदस्त्यातच. तिसरं "पिवळं पान खालचं की वरचं? त्यावरून ओळखा ४ कारणं". हे मला सगळ्यात आवडलं, कारण वाचणारा टायटल वाचूनच उठून कुंडीकडे बघतो. अर्धं त्याच्या हातात आलं, उरलेलं अर्धं आत आहे.

लोवेनस्टाईन नावाच्या संशोधकाने १९९४ मधे कुतूहलावर जे लिहिलं ते इथे लागू पडतं. आपल्याला माहीत असलेलं आणि माहीत करून घ्यायचं असलेलं यात फट दिसली की कुतूहल जागं होतं, म्हणजे आधी थोडंतरी माहीत असावं लागतं. "हे वाचून थक्क व्हाल" मधे माणसाला काहीच माहीत नाही, ती फट नाही, नुसता अंधार आहे. फेसबुकने २०१६ मधे क्लिकबेट ओळखायला जे दोन प्रश्न ठेवलेले ते पण याच्या जवळचेच, एक म्हणजे मजकूर काय आहे हे कळायला लागणारी माहिती टायटलने मुद्दाम दाबली का, आणि दुसरा म्हणजे टायटलने फुगवून भलतीच अपेक्षा उभी केली का. माझ्या मते उत्तर दाबलं तर चालतं, विषयच दाबला तर नाही.

यावर एक अडचणीचा नमुना. "पानं पिवळी पडतायत? तुम्ही करताय ही १ जीवघेणी चूक". आता गंमत बघा, जीवघेणी शब्द खोटा नाहीये! पाणी साचून मुळं कुजली की झाड खरंच मरतं. शब्द भडक म्हणून क्लिकबेट म्हणावं तर ते बरोबर नाही. घोळ वेगळाच आहे, आतल्या चारपैकी एकाच कारणाबद्दल हे खरं आहे, आणि ज्याच्या झाडाला लोह कमी पडतंय तो स्वतःची नसलेली चूक शोधत बसणार. म्हातारपणाने पान गळलं त्यात तर कोणाचीच चूक नाही. हेच टायटल फक्त जास्त पाण्यावरच्या लेखाला लावलं तर मी आनंदाने पास करेन. म्हणजे हद्द शब्दात नसते, ती टायटल आणि मजकूर यांच्या मधे असते, आणि म्हणून या शब्दांची वर्ज्य यादी बनवण्यात फारसा अर्थ नाही असं माझं मत झालंय.

तरी पॉवर वर्ड्समधे मी दोन ढीग करते. "जीवघेणी", "बिनखर्चाची", "पाच मिनिटांत" हे दावे आहेत, तपासता येतात, मजकुरात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे की हे वाक्य या शब्दाचं देणं फेडतंय. "धक्कादायक", "अफलातून", "थक्क व्हाल" हे वाचणाऱ्याला काय वाटायला पाहिजे ते आपणच सांगून मोकळं होणं, याचं देणं फेडणार कसं? हा दुसरा ढीग मी जवळजवळ बंद केलाय. "तिसरं कारण वाचून उडालच" हा तर त्याहून वाईट प्रकार, बाकीची तीन कारणं आपण स्वतःच भंगारात काढली.

मोजमापाबद्दल एकच गोष्ट, कारण इथे लई लोक फसतात. समजा दोन टायटलं हजार-हजार जणांना दाखवली, एकावर ४० क्लिक आले, दुसऱ्यावर ५०. दुसरं जिंकलं असं नाचू नका, एवढ्या आकड्यांवर दहाचा फरक नुसत्या नशिबाने आरामात येतो, वीसच्या आसपास गेला तर विचार करायला लागायचं. आणि क्लिकच्या शेजारी शेवटपर्यंत वाचणारे किती हे पण ठेवा. ४० पैकी २२ जण तळापर्यंत पोचले आणि ५० पैकी १५, तर दुसरं टायटल भलत्या माणसांना आत आणतंय असा संशय येतो. क्लिक वाढले आणि तळ गाठणारे कमी झाले, ही हद्द ओलांडल्याची माझ्या माहितीतली सगळ्यात कामाची खूण. अर्थात लेख कंटाळवाणा असेल तरी लोक मधेच पळतात, म्हणूनच मजकूर न बदलता टायटल बदलायचं.

पुढच्या वेळी तेच तिसरं टायटल आकडा पुढे आणून बघणारे, "४ कारणं: पिवळं पान खालचं की वरचं त्यावरून ओळखा". फोनवर शेपूट कापली जाते तेव्हा प्रश्न दिसायला हवा का आकडा, हे बघायचंय. माझी पैज प्रश्नावर. कोणी हे आधीच करून बघितलं असेल तर तळ गाठणाऱ्यांच्या आकड्यासकट सांगा, नुसते क्लिक नकोत.