तेवीस नोव्हेंबरची वाट

एक जूनच्या दुपारी मोबाईलवर बरोबर दोन वाजले होते आणि भिंतीवरचे आजोबांचे लंबकाचे घड्याळ दोन वाजून वीस मिनिटे दाखवत होते. ते पुढे धावते हे घरात सर्वांना ठाऊक आहे. आजोबा दर रविवारी स्टुलावर चढून दोन भोकांत चावी फिरवत, एकदा चालण्यासाठी आणि एकदा टोलांसाठी, पण काटे मागे ओढू देत नसत. आणि आजी स्वयंपाकघरातून वेळ विचारी, तेव्हा उत्तरातून किती मिनिटे वजा करायची हे तिचे तिलाच ठाऊक असे.

त्या दुपारी मला प्रश्न पडला की, याला हात न लावता हे पुन्हा बरोबर वेळ कधी दाखवील? आठवडाभर रोज दुपारी दोनला मी नोंद ठेवली, तर सात दिवसांत ते २८ मिनिटे पुढे गेलेले दिसले, म्हणजे दिवसाला चार मिनिटे. तबकडीवर बाराच तास असल्यामुळे एकंदर ७२० मिनिटे पुढे गेले की काटे पुन्हा खऱ्या वेळेवर येतात. एक जूनला त्यांपैकी वीस झालीच होती. उरलेल्या ७०० मिनिटांना रोजची चार म्हणजे १७५ दिवस. उत्तर आले २३ नोव्हेंबर, दुपारी दोन. काटे तिथे असतील खरे, पण घड्याळाच्या स्वतःच्या हिशेबाने तेव्हा २४ तारखेच्या रात्रीचे दोन झालेले असतील. टोल मात्र दोन्ही वेळी दोनच पडतात, त्यामुळे ही लबाडी कुणाला कळणार नाही.

गंमत अशी की, घड्याळ जितके कमी चुकते तितकी त्याच्या बरोबर येण्याची वाट लांबते. दिवसाला एकच मिनिट पुढे जाणाऱ्याला पूर्ण फेरीस जवळजवळ दोन वर्षे लागतील, आणि रोज एकच सेकंद पुढे जाणाऱ्या गुणी घड्याळाला ४३,२०० दिवस, म्हणजे सुमारे ११८ वर्षे. बंद पडलेले घड्याळ मात्र दिवसातून दोनदा बरोबर असते, याचा मला लहानपणापासून राग आहे.

माझ्या तारखेवरही फार विसंबू नये. या घड्याळाला सेकंदकाटा नाही, त्यामुळे आठवड्याच्या मोजणीत ३५ सेकंदांची चूक सहज राहून जाते. तेवढ्याने रोजची गती पाच सेकंदांनी बदलते आणि २३ नोव्हेंबरची तारीख साडेतीन दिवस इकडेतिकडे सरकते. शिवाय थंडीत लंबकाची धातूची दांडी किंचित आखडते, लंबक आखूड झाला की घड्याळ आणखी थोडे पळते. आणि एखादा रविवार चावी द्यायची राहिली, तर सगळेच गणित बुडाले.

लंबकाच्या गोळ्याखालची चाकी थोडी सैल करून गोळा किंचित खाली घेतला, तर हे सारे थांबेल, हे मला माहीत आहे. पण तसे केले तर वीस मिनिटे वजा करायची कशातून? आणि २३ नोव्हेंबरला आम्ही एका लग्नासाठी परगावी असणार आहोत.