धंद्याचा जन्म आणि बारसं

नोव्हेंबर २०२४ मधली दुपार. दोघे मावसभाऊ माझ्या पुण्यातल्या खोलीत आले ते एक लॅमिनेट केलेली कुंडली घेऊनच. माणसं आपली जन्मपत्रिका वहीत दुमडून आणतात. ही मात्र देवघरात लावायच्या फोटोसारखी चकचकीत होती, वर हळदकुंकवाची बोटं. मसाले कुटून पाकिटं भरण्याचा त्यांचा कारखाना आहे, त्याची ती कुंडली. उद्घाटनाची वेळ काढून देणाऱ्या गुरुजींनीच करून दिली होती.

"ताई, एवढी भारी पत्रिका आहे म्हणतात, मग पैसा का टिकत नाही?" थोरल्यानं विचारलं. धाकटा भिंतीकडे बघत होता. भांडून आलेत हे कळत होतं.

पत्रिका खरंच भारी होती. २२ एप्रिल २०२३, अक्षय तृतीया, दुपारी १२ वाजून २१ मिनिटं, पुणे. कर्क लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला कर्क रास उगवत होती. लग्नेश, म्हणजे या राशीचा मालक, चंद्र वृषभेत ४ अंशांच्या आत, म्हणजे परमोच्चाला जेमतेम अंशभर ओलांडून, आणि तोही लाभस्थानात, स्वगृहीच्या शुक्राशेजारी. दहाव्यात मेषेचा उच्च रवी, बरोबर गुरू. असं एखाद्या बाळाचं असतं तर आजोबांनी पेढे वाटले असते.

पण मी पत्रिका बघताना आधी ती कशी जुळवली असेल ते बघते. माणसाचा जन्म कुणी ठरवत नाही (सिझेरियनचा मुहूर्त विचारणारे सोडून देते). दुकानाचा मुहूर्त मात्र कुणीतरी पंचांग पुढ्यात घेऊन निवडलेला असतो. चंद्र-शुक्र कुठल्या स्थानात पडावेत हे त्या दिवशी लग्नावर ठरतं, आणि लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. ११.४८ च्या आधी मिथुन लग्न होतं आणि हेच ग्रह बाराव्यात, खर्चाच्या स्थानात गेले असते. गुरुजींनी कर्क लग्न आणि अभिजित मुहूर्त गाठला, त्यांचं काम चोख. पण जे सरकवता येत नाही ते तसंच राहिलं. गुरू त्याच दिवशी मेषेत आलेला, रवीपासून आठ अंशांच्या आत, म्हणजे अस्तंगत. बुध आदल्या दिवशी वक्री झालेला. दोन दिवसांपूर्वी त्याच मेषेत सूर्यग्रहण झालेलं, आणि राहूही तिथेच. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून गुरूचा अस्त कुणी मोजला नाही, तसा तो मोजतही नाहीत. शिवाय त्या दुपारी कर्क लग्नावर पुण्यात किती शटर वर गेली असतील! सगळ्यांची पत्रिका हीच.

म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला. उद्घाटनाच्या आधी काय काय झालं होतं?

मग एकेक बाहेर आलं. मिरची उद्घाटनाच्या तीन आठवडे आधीच गोदामात पडली होती. जीएसटी क्रमांक आला होता. बँकेत फर्मच्या नावाचं खातं उघडलेलं, त्यात दोघांचे पैसे भरलेले. आणि या सगळ्याच्या आधी भागीदारीचं डीड झालं होतं. धाकट्यानं फोनमध्ये पीडीएफ काढून दिली. दुसऱ्या पानावर वाक्य होतं की सदर भागीदारी दि. १७ मार्च २०२३ पासून अस्तित्वात आली आहे.

भागीदारी कायद्यानं करारातून जन्मते. नोंदणी नंतर केली किंवा केलीच नाही तरी ती भागीदारीच असते. म्हणजे सही झाली त्या क्षणापासून ही दोन माणसं एकमेकांच्या देण्याला बांधली गेली. शटर वर जाणं हे बारसं झालं. बारशाला पाहुणे येतात, पेढे असतात, पण बाळ त्याआधीच रडलेलं असतं. माझा नियम साधा आहे. ज्या क्षणानंतर माघार घ्यायला कागद लागतो, तो धंद्याचा जन्म. सगळेच ज्योतिषी हे मानत नाहीत. काही जण पहिल्या विक्रीचं बिल धरतात, आणि एकट्याच्या मालकीच्या दुकानाला मीही तेच धरते, कारण तिथं करार करायला दुसरं कुणी नसतंच.

आता वेळ हवी होती. डीडवर तारीख असते, वेळ नसते. नोटरीच्या शिक्क्यावरही नव्हती. "पाच-सहाच्या सुमारास," थोरला म्हणाला. सुमारास म्हटलं की माझं काम अडतं. लग्न तर सोडाच, चंद्रही तासाला अर्ध्या अंशाहून जास्त सरकतो, आणि कुठल्या ग्रहाची दशा, म्हणजे काळ, कधी हे त्याच्यावरूनच मोजतात. रवीच्या ६ वर्षांच्या महादशेत तेवढ्यानं तीन महिने इकडचे तिकडे होतात. शुक्राची २० वर्षांची असती तर दहा महिने. माणसाच्या बाबतीत निदान दवाखान्याचा कागद असतो, आई असते, "नळाला पाणी आलं तेव्हा" असं सांगणारी आजी असते. धंद्याला आई नसते.

धाकटा एकदम म्हणाला, "फोटो आहे ना!" वकिलाच्या टेबलावर दोघे सही करताहेत, मागं कॅलेंडर, पुढ्यात चहाचे कप. फोटोचा तपशील उघडला तर १७ मार्च, ५.३८. मूळ फोटो होता, व्हॉट्सॲपवरून आलेला नव्हे, तेही बघून घेतलं. फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोवर आल्याची वेळ पडते, आणि मी एकदा त्यात फसले आहे.

लग्न सिंह निघालं. लग्नेश रवी मीनेत, आठव्या स्थानात. त्याच्याजवळ बुध, नीच आणि अस्तंगत. सिंह लग्नाला बुध दुसऱ्याचाही मालक आणि अकराव्याचाही, म्हणजे तिजोरीची आणि नफ्याची, दोन्ही किल्ल्या आठव्यात. शेजारी स्वगृहीचा गुरू. सातव्यात स्वगृहीचा शनी.

इथं माणसाची पत्रिका वाचायची सवय आवरावी लागते. लग्नेश आठव्यात म्हटलं की जातकाच्या आयुष्याची, तब्येतीची चिंता तोंडावर येते. फर्मला तब्येत नसते. आठवं स्थान धंद्यात दुसऱ्याच्या पैशाचं: कर्ज, उधारी, कर, विमा, अडकलेली येणी. सातवं माणसाला जोडीदाराचं, इथं ते भागीदाराचंही आणि गिऱ्हाइकाचंही. चंद्र माणसाचं मन आणि आई. फर्ममध्ये तो गिऱ्हाइकांची ये-जा, रोजचा गल्ला. पाचव्यावरून पूर्वपुण्य मी फर्मचं कधीच सांगत नाही. ज्याला मागचा जन्म नाही त्याचं पुण्य कुठलं काढणार?

तर गुरू आठव्यात स्वगृही म्हणजे कर्ज मिळेल, भरपूर मिळेल. बुधाची अवस्था अशी की मालाचा पैसा हातात यायच्या आधी दुसऱ्याकडे थांबेल. सातव्यातला शनी भागीदारी मोडू देत नाही, पण सुखानं बसूही देत नाही.

आणि मग मजा आली. उद्घाटनाच्या पत्रिकेत चंद्र कृत्तिकेत, डीडच्या पत्रिकेत उत्तराषाढात. दोन्ही नक्षत्रं रवीची. म्हणजे दोन्ही पत्रिकांत सुरुवात रवीच्याच महादशेनं. एकीत रवी दहाव्यात उच्चीचा, दुसरीत आठव्यात. एकच दशा, वाचन उलट.

त्यांना काही सांगायच्या आधी मी विचारलं, पैसा अडकायला कधी लागला आणि कधी सुटला, खात्यातून बघून सांगा. थोरल्यानं लेजर काढलं. एका मोठ्या दुकानसाखळीला माल जात होता. पहिलं न आलेलं बिल जून २०२३ चं. मग बँकेचं कॅश क्रेडिटचं कर्ज वाढत गेलं. शेवटची रक्कम आली ती २०२४ च्या गुढीपाडव्यानंतर, एप्रिलमध्ये. मी कागद त्यांच्याकडे फिरवला. डीडच्या पत्रिकेत रवीच्या महादशेतला बुधाच्या वाट्याचा तुकडा, म्हणजे बुधाची अंतर्दशा, जूनच्या मध्याला सुरू होऊन पुढच्या एप्रिलच्या मध्याला संपत होती.

धाकट्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. पण खरं सांगायचं तर त्याला वाटलं तेवढं मला वाटलं नाही. लॅमिनेटवाल्या पत्रिकेत जून ते ऑक्टोबर शनीची अंतर्दशा होती आणि शनी तिथंही आठव्यातच. मनात आणलं असतं तर निम्मी गोष्ट मी त्या पत्रिकेवरूनही जमवली असती. घडून गेलेलं कुठल्याही पत्रिकेत बसवता येतं. डीडवर माझा भर होता तो सुरुवात आणि शेवट दोन्ही एका अंतर्दशेत बसले म्हणून, आणि त्याहून जास्त माझ्या नियमामुळे. ते मी दोघांनाही सांगितलं.

त्यांचा खरा प्रश्न शेवटी आला. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आणि धंदा तिच्याकडे द्यायचा, असं सीएंनी सुचवलं होतं. "म्हणजे नवा जन्म. ताई, चांगला मुहूर्त काढून द्या."

तो काढता येत नाही. कंपनी जन्मते ती नोंदणीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेला, आणि ते कधी सुटेल ते निबंधकाच्या कार्यालयातला अधिकारी ठरवतो. अर्ज भरायचा मुहूर्त काढता येईल, जन्माचा नाही. या बाबतीत कंपनी माणसासारखी. फक्त प्रमाणपत्रावरच्या डिजिटल सहीत वेळ सेकंदासकट असते, ही सोय माणसाला नाही. प्रमाणपत्र आलं की पाठवा, एवढंच म्हणाले. उधारीचे दिवस करारात लिहून घ्या, साखळीवाल्यांना एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त देऊ नका, हेही सांगितलं. त्याला पत्रिका लागत नव्हती.

मार्च २०२५ मध्ये प्रमाणपत्र आलं. सहीवर २४ मार्च, संध्याकाळी ५.५५. मी सवयीनं पुणे टाकलं, कारण नोंदणीकृत कार्यालय पुण्यात. लग्न सिंह, अगदी शेवटच्या अंशांत. रवी आठव्यात. त्याच्याबरोबर नीच बुध, वक्री, अस्तंगत. शुक्र वक्री. राहू. चंद्र उत्तराषाढात. दोन वर्षांनी, जवळजवळ त्याच आठवड्यात, तेच लग्न आणि तेच नक्षत्र घेऊन कंपनी आली होती.

पण प्रमाणपत्र सुटतं निबंधकाच्या हरियाणातल्या कार्यालयातून, मानेसरहून. स्थळ बदलून मानेसर टाकलं की कन्या लग्न लागतं. पूर्वेकडे लग्न आधी पोचतं, पुण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं. मग ती सगळी गर्दी आठव्यातून सातव्यात येते, आणि सांगायलाही बरं वाटलं असतं. मी दोनदा मानेसर टाकलं, दोनदा पुसलं. तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. तो मार्केट यार्डात होता, मागं हमालांचा आरडाओरडा.

"बघितलं का ताई? आम्हाला तर सीएंचा मेसेज रात्री दिसला. नारळसुद्धा फोडला नाही."

"बघितलं," मी म्हणाले. "साखळीवाल्यांचा करार झाला का?"

"पंचेचाळीस दिवसांचा झाला. पण माल निम्मा त्यांनाच जातोय अजून."

मी पुणे ठेवलं आणि छापायला दिलं.